निंबाखालचं भाषण : चटईच्या कारखान्यातल्या एका फायर ड्रिलचं प्रकरण

पार्श्वभूमी

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत प्लास्टिकच्या चटया विणणारे पुष्कळ कारखाने आहेत, त्यातलाच हा एक. नाव देत नाही आणि माणसांची ओळख पटेल असे तपशीलही थोडे बदलले आहेत. कारखान्याला सुरक्षेचा सल्ला देणारा म्हणून मी दोन्ही दिवशीच्या ड्रिलला हातात घड्याळ घेऊन उभा होतो.

जागेचा नकाशा आधी डोळ्यांपुढे आणावा लागेल, कारण सगळं प्रकरण त्यावरच फिरतं. प्लॉट पूर्व-पश्चिम लांबट आहे. पश्चिमेला मोठं गेट आणि आत शिरताच वजनकाटा. मग लूमची शेड. तिच्या मागे प्लांट, म्हणजे दाणा वितळवून त्याचा धागा ओढणारं एक्स्ट्रूडर मशिन. त्याच्या मागे दाण्याचं आणि रंगाचं गोडाऊन, आणि अगदी पूर्वेच्या टोकाला पाण्याची टाकी. टाकीशेजारी मागच्या रस्त्यावर उघडणारं लहान लोखंडी दार आहे. नैर्ऋत्य कोपऱ्यात, गेटच्या वाटेपासून बाजूला, एक जुना निंब आहे.

माल पॉलिप्रॉपिलीनचा. तो साधारण १६० ते १६५ अंशांना वितळतो आणि जळताना पेटते थेंब गाळतो. धूर काळा आणि दाट. सुताच्या रिळांचा ढीग एकदा पेटला की शेडमध्ये दिसेनासं व्हायला फार वेळ लागत नाही.

तेव्हाच्या कारखाना अधिनियम १९४८ च्या कलम ३८ नुसार आग लागल्यास बाहेर पडण्याचे मार्ग प्रत्येक कामगाराला माहीत असणं आणि त्या वेळी काय करायचं याचं शिक्षण त्याला मिळालेलं असणं गरजेचं होतं. पूर्ण वेळ सुरक्षा अधिकारी नेमण्याची सक्ती मात्र त्या कायद्यात हजार किंवा त्याहून जास्त कामगार असतील तिथे होती. इथे पहिल्या पाळीत सत्तरच्या आसपास माणसं. त्यामुळे ड्रिल घेणं, भाषण करणं, गिनती करणं हे सगळं पहिल्या पाळीच्या सुपरवायझरकडे आलं. कारखान्यात त्यांना सगळे आप्पा म्हणतात. अमळनेरकडचे, अहिराणी घरातले, बावीस वर्षं लूमवर काढून सुपरवायझर झालेले.

पहिली ड्रिल आणि पहिलं भाषण

अग्निशमन सेवा सप्ताह १४ एप्रिलला सुरू होतो. मुंबईच्या गोदीत १९४४ साली त्याच तारखेला फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला, त्याची ही आठवण. त्या जहाजावर स्फोटकांसोबत कापसाच्या गाठीही होत्या. आप्पांच्या पहिल्या भाषणाची सुरुवात तिथूनच झाली. ते अकरा मिनिटं चाललं. ऑफिसातल्या मुलाने टाईप करून दिलेला कागद होता, आणि त्यात ‘सुरक्षा ही आपणा सर्वांची सामूहिक जबाबदारी आहे’, ‘आपत्कालीन परिस्थितीत सर्वांनी तात्काळ नियोजित असेंब्ली पॉइंटवर एकत्रित व्हावे’ अशी वाक्यं होती. वेळ दुपारची. जळगावातली एप्रिलची दुपार कशी असते हे इथल्या वाचकाला सांगायला नको.

भाषण संपलं, माणसं आपापल्या जागी गेली, पाच मिनिटांनी भोंगा वाजला. शेड रिकामी व्हायला सात मिनिटं लागली. काही जण डबा घेऊन बाहेर आले, कारण भोंगा जेवणाच्या सुटीचाच होता आणि तसाच वाजला.

असेंब्ली पॉइंट दोन होते, एक काट्याजवळ आणि एक टाकीजवळ. हिरवे बोर्ड दोन्हीकडे लावलेले. हजेरीपटावर त्या दिवशी ६८ नावं होती. काट्याजवळ ३९ आणि टाकीजवळ २४ मोजले, एकूण ६३. म्हणजे पाच कमी. मुकादम बापूंनी ‘मी बघून येतो’ म्हटलं आणि कुणी काही बोलायच्या आत ते शेडमध्ये शिरले. ड्रिल होती म्हणून तीन मिनिटांनी परत आले.

खरा घोळ पुढेच होता. काट्याजवळच्या ३९ मध्ये सहा हमाल आणि एक ट्रकचालक होते. त्यांची नावं हजेरीपटावर नसतातच. ते सात वजा केले तर पटावरचे ५६ उरतात, म्हणजे पाच नव्हे, बारा माणसं बेपत्ता होती. कुणाची गैरहजेरी दुसऱ्याच्या हजेरीने झाकली गेली होती. नाव न घेता नुसती डोकी मोजली की हे हमखास होतं, आणि त्यातला धोका असा की आकडा खोटा असूनही खराच वाटतो.

ते बारा जण सापडायला पंचवीस मिनिटं गेली. चार प्लांटवर होते. ऑपरेटरने त्यांना थांबवून घेतलं होतं, कारण मशिन मध्येच बंद केलं की बॅरलमध्ये माल जमतो आणि पुन्हा चालू करताना अर्धी पाळी जाते. तीन जण गाड्या बाहेर काढायला पार्किंगमध्ये गेले. त्यातला एक पोरगा आप्पांना म्हणाला, ‘आप्पा, मन्ही गाडी तठे व्हती ना!’ आणि सगळे हसले. दोन बायका बाथरूमकडे होत्या, तिथे भोंगा ऐकूच येत नाही. उरलेले तिघं निंबाखाली सावलीत बसले होते. त्यांना आम्ही सगळ्यांत शेवटी विचारलं.

नेमकं चुकलं काय

मालकांचं पहिलं मत असं की लोकांना शिस्त नाही. मला ते पटलं नाही. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी वीसेक जणांना सहज विचारलं, ‘असेंब्ली पॉइंट कुठे आहे?’ सहा जणांनी बरोबर सांगितलं. मग विचारलं, ‘टाकी कुठे आहे?’ या प्रश्नावर सगळ्यांनी हात करून दाखवला. जागा सगळ्यांना ठाऊक होती. भाषणात तिला जे नाव होतं ते मात्र कुणाच्या तोंडातलं नव्हतं.

दुसरं म्हणजे भाषणात ‘सर्वांनी’ हा शब्द होता, ‘तू’ कुठेच नव्हता. लूमवाल्याने कुठे जायचं, हमालाने कुठे जायचं, हे एकदाही सांगितलेलं नव्हतं. शिवाय आठ-दहा मुलं बिहार आणि उत्तर प्रदेशातली, त्यांना छापील मराठी कळतच नाही.

तिसरं, जागाच चुकीची होती, आणि भाषण कितीही चांगलं असतं तरी ते यावर पांघरूण घालू शकलं नसतं. काट्यावरूनच बंब आत येणार. तिथे चाळीस माणसं उभी केली तर बंबाला वाट कुठली? टाकीची अडचण वेगळी. उन्हाळ्यात इथे वारा बहुतेक पश्चिमेकडून असतो, म्हणजे प्लांट पेटला तर धूर सरळ टाकीवर येणार. लूमच्या माणसाला टाकीकडे जायचं तर प्लांट आणि गोडाऊनच्या कडेने जावं लागतं, आणि आग लागण्याची शक्यता सगळ्यांत जास्त तिथेच.

कोणते पर्याय पुढे होते

बैठक आप्पांच्या टेबलाशी झाली. मालक, आप्पा, मुकादम बापू, प्लांटचे ऑपरेटर आणि मी.

पहिला मुद्दा जागेचा. काटा रद्द करावा यावर लगेच एकमत झालं. मी मोकळ्या मैदानात पांढऱ्या पट्ट्या आखायचं सुचवलं. आप्पा म्हणाले, ‘साहेब, उन्हात कोणी दोन मिनिटंबी थांबणार नाही. निंबाखालीच जातील. कालबी गेलेच ना.’ मी पावलं टाकून मोजलं. लूमच्या भिंतीपासून निंब साठ पावलं आहे आणि गेटच्या वाटेत येत नाही. ज्या तिघांना आम्ही बेशिस्त धरलं होतं ते आमच्या आधीच योग्य जागी पोहोचले होते. मालकांनी तिथे हिरवी शेडनेट बांधून द्यायची तयारी दाखवली, पण सावलीसाठी पुन्हा प्लास्टिकच डोक्यावर नको म्हणून मी ती नाकारली. झाडाची सावली पुरेशी आहे.

सगळ्यांना निंबाकडे आणावं का, यावर वेळ गेला. एकच जागा असली तर गिनती सोपी होते. पण प्लांटवरच्या माणसाला निंबाकडे यायचं तर पेटलेल्या शेडच्या अंगावरून यावं लागेल. म्हणून प्लांट आणि गोडाऊनच्या लोकांसाठी टाकी ठेवली, एका अटीवर : मागचं लोखंडी दार आतून उघडलं पाहिजे. त्याला कुलूप होतं आणि किल्ली वॉचमनकडे, दोनशे पावलांवर. दाण्याच्या गोण्या जातात ही मालकांची भीती खोटी नव्हती. तोड निघाली ती अशी : कुलूप काढून कडी ठेवायची आणि कडीला नंबर असलेलं प्लास्टिकचं सील लावायचं. ओढलं की तुटतं, आणि तुटलेलं वॉचमनला फेरीत दिसतं.

दुसरा मुद्दा प्लांटचा. चालू मशिन सोडायचं नसेल तर ऑपरेटरला ड्रिलमधून सूट द्यावी, असं ऑपरेटरचंच म्हणणं. सूट दिली तर त्याला सवय काय लागेल? आग लागली तरी मशिनजवळ थांबायची. शेवटी ठरलं की ज्या दिवशी मशिनची जाळी बदलायला ते तसंही थांबवायचं असतं, त्या दिवशी ड्रिल घ्यायची. हा मार्ग ऑपरेटरनेच सुचवला.

तिसरा मुद्दा भाषणातला, आणि त्यावर माझं आणि आप्पांचं खरंच वाजलं. आग विझवायचा सिलिंडर कसा वापरायचा हे भाषणात यावं असा माझा आग्रह. आप्पांनी नकार दिला. म्हणाले, एका वेळी तीन गोष्टी राहतात, चौथी सांगितली की पहिली जाते. सिलिंडरचं शिक्षण त्यांनी वेगळ्या दिवशी, आठ-आठ जणांना हातात देऊन केलं. आता मागे वळून पाहता त्यांचंच बरोबर होतं.

आणखी एक निर्णय वेळेचा. भाषण संपताच भोंगा वाजवला तर माणसं त्याचीच वाट बघत असतात, आणि मग जी वेळ निघते ती खोटी. अजिबात न सांगता वाजवला तर लूमजवळ घाबरून धावपळ होऊन कुणाचा हात जायचा. म्हणून पाळी लागताना भाषण आणि त्याच पाळीत कधीतरी भोंगा, असं ठरलं.

दुसरं भाषण

बारा दिवसांनी, सकाळी सव्वासात वाजता, निंबाखाली. कागद नाही. मी फोनवर ध्वनिमुद्रण केलं होतं, त्यावरून थोडं सावरून देतो.

‘राम राम मंडळी. ऊन चढायच्या आत सोडतो. तीनच गोष्टी सांगायच्या आहेत.

पहिली. आज ड्युटी सुटायच्या आत कधीतरी भोंगा वाजेल. जेवणाचा भोंगा एकदाच वाजतो, लांब. हा तुटक वाजेल. ऐकून घ्या. (वॉचमनने वाजवून दाखवला.) हा वाजला की हातातलं काम तिथंच सोडायचं. लाल बटण दाबायचं आणि निघायचं. प्लांटवाल्यांनीबी. माल जमला तर जमू द्या. मालकांशी माझं बोलणं झालंय, कोणाच्या पगारातून रुपया जाणार नाही.

दुसरी गोष्ट, जायचं कुठे. लूम, पॅकिंग, ऑफिस, हमाल, गाडीवाले : निंबाखाली. आत्ता उभे आहात, इथंच. प्लांट आणि गोडाऊन : मागं टाकीजवळ. टाकीवर धूर आला तर कडी ओढायची, सील तुटू द्यायचं, मागच्या रस्त्यावर जायचं. आता निंबवाल्यांनी हात वर करा. बरं, खाली. टाकीवाल्यांनी करा. आता ज्यांचा हात एकदाबी वर झाला नाही, त्यांनी पुढं या, लाजू नका.

(तिघे पुढे आले. दोन दिवसांपूर्वी लागलेली मुलं. आप्पांनी त्यांना हिंदीतून विचारलं.) तुम लोग पैकिंग में हो ना? तो नीम के नीचे. किधर? (मुलं : नीम के नीचे.) बस.

तिसरी. बाहेर आल्यावर परत आत जायचं नाही. डब्यासाठी नाही, मोबाईलसाठी नाही, गाडीसाठी तर नाहीच नाही. गाडीचा विमा असतो. आपल्या शेजारचा दिसला नाही तर मला त्याचं नाव सांगा. शोधायला आत कोणी जाणार नाही. बापू, तुम्हीबी नाही. मीबी नाही. ते काम बंबवाल्यांचं. त्यांना सांगायला माझ्याकडं नाव पाहिजे आणि तो शेवटी कुठं दिसला ते पाहिजे. सुताच्या धुरात आपण गेलो तर त्यांना एकाच्या जागी दोघं शोधावे लागतील.

ताई, बाथरूमकडं भोंगा ऐकू येत नाही. पॅकिंगच्या मावशी निघताना दार वाजवून येतील. मावशी, आत जायचं नाही, बाहेरूनच.

गिनती नावानं होईल. हमाल आणि गाडीवाले यांची नावं आजपासून गेटवरच्या पाटीवर खडूनं लिहिलेली असतील, वॉचमन ती पाटी घेऊन इथं येईल. नाव पुकारल्याशिवाय निंब सोडायचा नाही. चला, कामाला लागा.’

ध्वनिमुद्रण तीन मिनिटं दहा सेकंदांचं आहे, भोंगा आणि हात वर करणं धरून.

काय झालं

भोंगा साडेनऊला वाजला. पटावर ६६ माणसं, पाटीवर सात हमाल आणि एक चालक, म्हणजे ७४ माणसं अपेक्षित. शेवटचा माणूस शेडबाहेर आला तेव्हा तीन मिनिटं चाळीस सेकंद झाली होती. डबा कुणी आणला नाही. पार्किंगकडे दोघं वळले आणि इतरांनीच हाका मारून त्यांना फिरवलं. टाकीवरच्या गिनतीचा निरोप फोनवरून आला आणि सहाव्या मिनिटाला आप्पांनी सांगितलं, ‘एक कमी आहे.’ त्याचं नाव त्यांच्याकडे होतं. लूमचा एक कारागीर. बापू जागचे हलले नाहीत, पण त्यांना ते जड गेलं हे चेहऱ्यावर दिसत होतं. दोन मिनिटांनी कळलं की त्याला आठ वाजता ऑफिसनेच बँकेत पाठवलं होतं आणि बाहेर गेल्याची नोंद कुठेच केली नव्हती.

तेवढ्यात काट्यापलीकडे उभ्या ट्रकच्या केबिनमधून डोळे चोळत एक पोरगा उतरला आणि काय चाललंय असं विचारू लागला. क्लीनर. पाटीवर चालकाचं नाव होतं, त्याचं नव्हतं. म्हणजे आमच्या हिशेबात तो कारखान्यात नव्हताच. ७४ मधला एक कमी निघाला हे गिनतीमुळे कळलं, पण पंचाहत्तरावा आहे हे कुठल्याच गिनतीतून कळलं नसतं.

वेगळं काय करता आलं असतं

पाटीवर आता गाडीमागे दोन नावं लिहितात आणि ऑफिसच्या कामाला बाहेर जाणाऱ्याचं नाव वॉचमन त्याच पाटीच्या खालच्या भागात टाकतो. हे पहिल्या ड्रिलनंतरच सुचायला हवं होतं. तेव्हा आम्ही हमालांवरच थांबलो.

बाथरूमकडे दार वाजवण्याचं काम एका मावशीवर टाकलं, हा कच्चा दुवा आहे. त्या रजेवर असल्या की काय? तिथे छोटा भोंगा बसवणं हाच उपाय, आणि मी हे लिहीत असताना तो अजून बसलेला नाही. मालक म्हणतात जुलैच्या बिलात घेऊ. जुलैत तसंही परवानाधारक एजन्सीकडून सहामाही तपासणीचा ‘बी’ नमुना भरावा लागतो. जानेवारी आणि जुलै, वर्षातून दोनदा. त्या नमुन्यात पंप, सिलिंडर, पाण्याची लाईन चालू आहे का ते येतं. बाथरूममध्ये भोंगा ऐकू येतो का हे त्यात कुणी विचारेल असं मला वाटत नाही.

माझी स्वतःची एक चूक नोंदवतो. दोन्ही ड्रिल पहिल्या पाळीत झाल्या, कारण आप्पा पहिल्या पाळीचे आणि मीही दिवसाच जाणारा. जून संपताना रात्रपाळीत पहिली ड्रिल झाली. तिथले सुपरवायझर तरुण आहेत. त्यांनी आप्पांचं ध्वनिमुद्रण ऐकून जवळजवळ तसंच भाषण केलं. भोंगा वाजला, ठरल्याप्रमाणे मेन स्विच पाडला, आणि त्याबरोबर आवारातले दिवेही गेले. निंबाखाली मोबाईलच्या उजेडात नावं पुकारली गेली. टाकीकडच्या पाच जणांना दाराची कडी सापडेना. सापडली तेव्हा सील ओढायला कुणी धजेना. तोडलं तर चोरीचा आळ येईल अशी भीती.

टाकीजवळ आता सौरदिवा आहे, मेन स्विचशी संबंध नसलेला. निंबाला दुसरा. आणि रात्रीच्या भाषणात एक भर पडली आहे. सुपरवायझर खिशातून नवं सील काढतात, सगळ्यांसमोर ओढून तोडतात, तुकडे टाकीवाल्यांपैकी एकाच्या हातात देतात आणि म्हणतात, ‘बघ, एवढंच आहे. वीस रुपयाचं बी नाही. तोडायचं.’